आईच्या ताटाचं माप: वजनकाट्याशिवाय पोळी, भात, वरण मोजण्याच्या नोंदी

२ जानेवारी २०२५

आईला मधुमेह असल्याचं कळून दोन महिने झाले. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला तक्ता फ्रिजच्या दारावर लावलाय. दुपारच्या जेवणापुढे लिहिलंय: पीठ ६० ग्रॅम, तांदूळ ३० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम. आमच्या गावच्या घरात वजनकाटा नाही, कधी नव्हताच. आजीच्या वेळचं लोखंडी चिपटं मात्र कोठीच्या खोलीत अजून आहे. आमच्याकडे धान्य मापाने मोजायचे, वजनाने नव्हे.

आज आईचं ताट बघितलं आणि पोटात कालवलं. ‘तांदूळ ३० ग्रॅम’ म्हणजे शिजलेला भात, असं तिने धरलं होतं. दोन महिने ती दोन घास भात खाऊन उठत होती आणि चार वाजता भूक लागली की मूठभर फुटाणे, दोन बिस्किटं खात होती. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तक्त्यातली सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत. तीस ग्रॅम तांदळाचा भात साधारण ऐंशी ग्रॅम होतो, आईच्या दोन घासांच्या दुपटीहून जास्त.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार पाहण्यांमध्ये शिजलेलं अन्न घरोघरी तोलत बसत नाहीत. घरात कच्चं किती घेतलं, शिजून एकूण किती वाट्या झालं आणि त्यातलं या माणसाने किती वाट्या खाल्लं, एवढंच विचारतात. कच्च्याला एकूण वाट्यांनी भागलं की एका वाटीत किती धान्य गेलं ते कळतं. म्हणजे शिजलेल्या अन्नाचं वजन करायचंच नाही, त्यातला वाटा मोजायचा.

महिनाभर घरी आहे. तेवढ्यात आईची वाटी, वहिनींचा हात आणि तक्त्यातले ग्रॅम यांचा मेळ घालायचा.

३ जानेवारी

सुरुवात वाटीपासून. तक्त्याच्या खाली ‘भाजी १ वाटी’ असं लिहिलंय. कुठली वाटी, ते नाही. मांडणीवरून वाट्या काढल्या तर पाच आकारांच्या निघाल्या.

माप म्हणून एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली आणली. सीलबंदच का, तर रिकामी बाटली आपण तोंडापर्यंत भरली की लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. कारखान्यातून भरून आलेलं पाणी लिटरच्या जवळ असतं. आई रोज जेवते त्या वाटीने पाणी मोजलं. सहा वाट्या काठोकाठ भरल्या आणि सातवी अर्ध्याच्या जरा वर गेली. म्हणजे वाटी साधारण १५० मिलिलिटरची. सगळ्यात लहान वाटीत ९० मावलं, कढीच्या मोठ्या वाटीत २५०. ‘एक वाटी’ म्हणताना एका घरात जवळपास तिपटीचा फरक पडू शकतो.

आणखी एक लक्षात आलं. वाढताना कुणी काठोकाठ भरत नाही, बोटभर खाली ठेवतात. आमची वाटी वर पसरट आणि खाली निमुळती आहे. तिच्या वरच्या एका सेंटिमीटरात सगळ्या पाण्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा बसतो. त्यामुळे ‘जरा कमी भरलेली’ वाटी खरी शंभर मिलिलिटरची असते. डोळ्याला ती भरलेलीच वाटते.

यापुढे नोंदीत ‘वाटी’ म्हटलं की हीच, काठापर्यंत सपाट. शीग नाही.

४ जानेवारी

तीस ग्रॅमपर्यंत पोचायचं तर आधी किलोचे खात्रीचे तुकडे हवेत. दादाने कपाटातला लाकडी हँगर आणून दिला, त्याचा घरगुती तराजू केला.

हँगरचा आकडा पिळून काढला आणि बरोबर मध्यावर जाड दोरा बांधून दाराच्या चौकटीला टांगला. आकड्यावर टांगला तर तो घासतो आणि अडकतो, दोऱ्यावर मोकळा झुलतो. दोन्ही टोकांना सारख्या खाचा पाडून एकाच मापाच्या दोन पिशव्या अडकवल्या. रिकाम्या पिशव्यांवर हँगर आडवा राहीपर्यंत दोरा इकडेतिकडे सरकवला. मग एका बाजूला मिठाचा किलोचा न फोडलेला पुडा आणि दुसऱ्या बाजूला त्याला तोलेल इतकं पीठ. तोल जमल्यावर दोन्ही पिशव्यांची अदलाबदल केली. बदलल्यावर एक बाजू झुकली तर समजायचं की मध्य चुकलाय. पहिल्या वेळी झुकलीच. दोरा जरा सरकवला, दुसऱ्या वेळी दोन्हीकडून तोल सारखा राहिला.

आता पुडा बाजूला. त्या किलोभर पिठाचे दोन्ही पिशव्यांत दोन भाग केले, हँगर आडवा झाला की अर्धा-अर्धा किलो. अर्ध्याचे पुन्हा दोन. आणखी एकदा केलं की सव्वाशे ग्रॅम. वजनं लागत नाहीत, निम्मं-निम्मं करत जायचं.

चूक किती होते तेही बघितलं. दोन्हीकडे पाव-पाव किलो असताना एका बाजूला दहाचं नाणं टाकलं. ते पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. हँगर स्पष्ट झुकला. म्हणजे पाव किलोमागे चूक आठ ग्रॅमच्या आत. मला एवढं पुरे.

सव्वाशे ग्रॅम तांदळाने आईची वाटी जवळपास बरोबर भरली. तूरडाळीनेही भरली, चिमूटभरच इकडेतिकडे. पिठाने मात्र दगा दिला. तेवढंच कणकेचं पीठ हलक्या हाताने भरलं तर दीड वाटी झालं, वाटी आपटून भरलं तर सव्वा वाटीच. तांदूळ-डाळ वाटीने मोजता येईल, पीठ वाटीने मोजायचं नाही, असं ठरलं.

५ जानेवारी

पोळी. वहिनी म्हणाल्या, “ताई, मी रोज सारख्याच पोळ्या करते की. डोळे मिटून करीन.” मलाही तसंच वाटत होतं. म्हणून आज काही न बदलता फक्त मोजलं. त्यांना एक किलो पीठ तोलून दिलं आणि सांगितलं की लाटताना लावायची पिठीसुद्धा यातलीच घ्या, दुसरा डबा उघडू नका. दुपार आणि संध्याकाळ मिळून पीठ संपलं. सत्तावीस पोळ्या झाल्या. किलोला सत्तावीसने भागलं की एका घडीच्या पोळीत ३७ ग्रॅम पीठ येतं. दोन पोळ्यांत ७४. तक्त्यात ६० आहे.

उरलेली पिठी परातीत राहते, तीसुद्धा विसरायची नाही. आज ती झटकून पुन्हा कणकेत मिसळली, म्हणून हिशोब पूर्ण बसला.

६ जानेवारी

आज उलट बाजूने. तोललेलं पाव किलो पीठ मळलं. कणकेचा एक लांब रोल केला, मधोमध कापला, प्रत्येक तुकड्याचे पुन्हा दोन, त्यांचे पुन्हा दोन. आठ गोळे. एका गोळ्यात ३१ ग्रॅम पीठ. तक्त्यातला एक भाग तीस ग्रॅम धान्याचा आहे, त्यातून शंभरच्या आसपास कॅलरी आणि वीसेक ग्रॅम कर्बोदकं मिळतात. आमचा एक गोळा म्हणजे एक भाग.

कणकेत पाणी किती गेलं याने काही बिघडत नाही. कणीक सैल असो की घट्ट, आठात पीठ तेवढंच राहतं. गोळा तोलण्यापेक्षा गोळे मोजणं बरं, ते यासाठी.

७ जानेवारी

वहिनींना कालचा गोळा दाखवून म्हटलं, “आईसाठी एवढा.” संध्याकाळी त्यांनी अंदाजाने केलेला गोळा आणि कालच्या मापाचा गोळा शेजारी ठेवला. दोघींनाही सारखे दिसले. पट्टीने मोजलं तर मापाचा साडेचार सेंटिमीटर रुंद, अंदाजाचा पाच. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक डोळ्यात भरत नाही, पण गोळा तिन्ही बाजूंनी वाढतो. रुंदीत नववा हिस्सा वाढला की आत कणीक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढते. तीस ग्रॅमच्या जागी चाळीसच्या वर पीठ गेलं.

पोळीच्या आकारावरून तर काहीच कळत नाही. तोच गोळा पातळ लाटला तर पोळी वीतभर होते, जाड ठेवली तर तळहाताहून थोडी मोठी. आई ‘लहान पोळी’ मागायची तेव्हा वहिनी तोच गोळा जाड लाटून द्यायच्या. त्यांचा दोष नाही, मागणीच चुकीच्या गोष्टीची होती.

आजपासून आईची कणीक वेगळी काढायची नाही. सगळ्यांची एकत्रच मळायची. पीठ किती पाव किलो घेतलं तेवढे आठ-आठ गोळे कापायचे. आईला दोन, बाकीच्यांनी दोन गोळे एकत्र करून मोठी पोळी केली तरी चालेल.

९ जानेवारी

आज सगळ्यात मोठी चूक सापडली. ती इतके दिवस सगळ्यांसमोर होती.

थंडीत आमच्याकडे रात्री ज्वारीची भाकरी असते. तक्त्यात रात्रीसाठीही पीठ ६० ग्रॅमच आहे. आईला कुणीतरी सांगितलं होतं की मधुमेहात ज्वारी चांगली, म्हणून ती दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खायची. “भाकरी पचायला हलकी असते गं,” हे तिचं नेहमीचं.

भाकरीचं पीठ गव्हासारखं एकदम मळून आठ तुकडे करता येत नाहीत. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई नसते. मळून ठेवलं की उंडा कोरडा पडतो आणि थापताना कडेने भेगा जातात. वहिनी प्रत्येक भाकरीसाठी परातीत नवं पीठ घेतात, त्यात गरम पाणी घालून तेवढंच मळतात आणि लगेच थापतात. म्हणून कापून मोजायचा उपाय इथे नाही. मोजायची ती मूठ.

किलोभर पीठ तोलून वहिनींसमोर ठेवलं. एका भाकरीला त्या दोन मुठी घेतात आणि थापताना खाली पीठ लावतात. दोन वेळच्या मिळून किलोत तेरा भाकऱ्या झाल्या. म्हणजे एका भाकरीत ७७ ग्रॅम पीठ. मुठीत साधारण तेहतीस ग्रॅम आणि दर भाकरीमागे दहा-अकरा ग्रॅम लावलेलं पीठ.

दोन भाकऱ्यांचं १५४ ग्रॅम होतं, ठरलेल्या साठच्या अडीचपट. आई पोळीऐवजी भाकरी खाऊन पथ्य पाळतेय असं घरात सगळे समजत होते. ज्वारीतही पिठाच्या वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास कर्बोदकंच असतात. धान्य बदललं म्हणून माप सुटत नाही.

आईला हे सांगणं सोपं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी एवढे दिवस उगाच चहातली साखर सोडून बसले होते का?” उगाच नाही गं आई, असं मी म्हटलं. पण तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

उपाय वहिनींनी काढला. आईची भाकरी त्या शेवटी, दीड मुठीची करणार. पन्नास ग्रॅम पीठ आणि खाली लावलेलं दहा, मिळून साठ. दोन पोळ्यांच्या जागी अशी एकच भाकरी. मोठी भाकरी झालीच असेल तर आईने पाऊण खायची, तेही साठच्या जवळ येतं.

ही मूठ वहिनींची आहे. आईने स्वतः भाकरी केली तर हिशोब बदलेल. आईची मूठ लहान आहे, तिच्या दोन मुठी वहिनींच्या दीडच्या आसपास भरतात. ज्याचा हात त्याने आपला किलो मोजून बघितल्याशिवाय हा आकडा उसना घेऊ नये.

११ जानेवारी

भाताची पाळी. कोलमच्या दोन वाट्या तांदूळ, म्हणजे पाव किलो. कुकरमध्ये नेहमीच्या पाण्यात शिजवला. वाफ गेल्यावर उलथन्याने मोकळा केला आणि आईच्या वाटीने न दाबता, सपाट मोजत परातीत काढला. साडेसहाच्या जरा खाली वाट्या झाल्या. पाव किलोला तेवढ्याने भागलं की वाटीत ३९ ग्रॅम तांदूळ येतो. आईचा भाग तीस, म्हणजे पाऊण वाटी.

इथे थांबले असते तर चुकले असते. आमच्याकडे भात असा वाढत नाहीत, मूद पाडतात. वाटीत भात दाबून भरायचा आणि ताटात उलटा करायचा. म्हणून तोच परातीतला भात पुन्हा त्याच वाटीने मुदीसारखा दाबून मोजला. पाचच मुदी पडल्या. एका मुदीत ५० ग्रॅम तांदूळ. वाटी तीच, पण दाबल्याने चौथाईहून जास्त तांदूळ आत गेला. वर शीग राहिली तर आणखी. आईच्या ताटात गेली पन्नास वर्षं मूदच पडतेय. तिला ‘एक वाटी भात’ म्हटलं की ती मूदच समजते, ते साहजिक आहे.

दुपारी इंद्रायणीचाही एक घाणा केला, कारण दादाच्या सासरहून तोच येतो. इंद्रायणी मऊ आणि चिकट. न दाबताही वाटीत घट्ट बसतो. पाव किलोत सव्वापाच वाट्याच झाल्या, म्हणजे वाटीत ४८ ग्रॅम. न दाबलेली इंद्रायणीची वाटी कोलमच्या मुदीएवढीच. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो आणि जास्त फुलतो, त्यामुळे तांदळाचं नवं पोतं फुटलं की हे एकदा पुन्हा मोजावं लागेल. काम दहा मिनिटांचं आहे, भात नाहीतरी होणारच असतो.

ठरलं ते असं: आईचा भात मुदीने नाही, पळीने मोकळा वाढायचा. कोलम पाऊण वाटी, इंद्रायणी पाऊणच्याही खाली, अर्ध्याहून थोडा वर. मूद हवीच असेल तर लहान ९० ची वाटी. तीत दाबून कोलम भरला की तीस ग्रॅम होतो. दीडशेला पन्नास, तर नव्वदला तीस. हा योग जमून आल्याचा मला फार आनंद झाला. आईला सणाला मूद मिळणार.

१३ जानेवारी

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, वर लोणी. बाजरीची भाकरी वहिनी जाड थापतात, मोजणी ज्वारीसारखीच केली. आईची दीड मुठीची. भाजी पोटभर. तिच्यात बोरं, हरभरा, गाजर, वांगं, घेवडा सगळं आहे, आणि या वहीत भाजीचं माप मी धरत नाहीये. बटाटा तेवढा वगळायचा.

१४ जानेवारी

संक्रांत. गूळपोळीसाठीही वाटाच मोजला. पीठ पाव किलो, गूळ पाव किलो, तीळ आणि बेसन वेगळं, पोळ्या झाल्या बारा. एका पोळीत पीठ २१ ग्रॅम आणि गूळही २१ ग्रॅम. गूळ बहुतेक साखरच. बाईंना विचारून आईला अर्धी दिली आणि दुपारचा भात वगळला. अर्ध्या पोळीवर साजूक तूप लावून तिने फार हळू, चवीने खाल्ली.

१६ जानेवारी

आमटी. वाटी सगळ्यात जास्त फसवते ती इथे.

तूरडाळ वाटीभर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. वहिनींनी नेहमीसारखी आमटी केली: चिंच, गूळ, गोडा मसाला, सात जणांना पुरेल एवढं पाणी. वाटीने मोजली तर आठ वाट्या. वाटीत डाळ १६ ग्रॅम. तक्त्यात तीस आहे. आई एक वाटी आमटी पिऊन डाळीचा भाग झाला असं धरत होती. पदरात निम्मंच पडत होतं.

आणि ही सोळासुद्धा सरासरी. आमटी दहा मिनिटं राहिली की डाळ तळाला बसते. पहिला वाढून घेणारा वरचं पाणी घेतो, शेवटच्याला लगदा मिळतो. आई सगळ्यांना वाढून शेवटी बसते तेव्हा तिच्या वाटीत दाट आमटी असते. वहिनींनी आधी बसवलं तर पातळ. डाव तळापर्यंत घालून ढवळून वाढलं तरच भागाकाराला अर्थ राहतो.

यावर दोन गोष्टी करून बघितल्या. आधी सगळी आमटीच घट्ट केली, ती दादाला आणि बाबांना आवडली नाही. दुसरी पद्धत टिकली. कुकर उघडला की डाळ घोटायची आणि पाणी घालण्याआधीच आईचा वाटा काढायचा. सव्वाशे ग्रॅमचं घट्ट वरण पावणेतीन वाट्या होतं, म्हणजे वाटीत ४५ ग्रॅम डाळ. आईला दोन तृतीयांश वाटी. ती एका वाडग्यात काढून ठेवायची, वर हवी तेवढी पातळ आमटी घालून घ्यायची. पाणी कितीही असो, डाळ तीसच्या खाली जात नाही. वरच्या आमटीतली थोडी डाळ जास्त जाते, ती मी धरत नाही.

उसळीला तेच तत्त्व, पण दाणे दिसतात म्हणून काम सोपं. मोजायचे ते झाऱ्याने निथळलेले दाणे. रस्सा मोजायचा नाही.

१७ जानेवारी

तेल. ते ताटात मोजताच येत नाही. रस्सा थांबला की तर्री वर येते आणि पहिल्या डावात जास्त जाते. तेल मोजायचं ते कढईत पडतानाच. औषधाच्या झाकणावर पाच मिलिलिटरची रेघ असते, त्याने वहिनींची फोडणीची पळी मोजली. चार झाकणं. म्हणजे वीस मिलिलिटर, १६० ते १८० कॅलरी. एका भाजीला दोन पळ्या पडतात. आजपासून पिशवीवर फोडल्याची तारीख पेनाने लिहायची. लिटर किती दिवस पुरलं त्यावरून घराचा रोजचा खप कळेल. त्यातून एकट्या आईचा वाटा मात्र काढता येणार नाही.

१९ जानेवारी

परवा चुलतभावाकडे बारसं आहे. बाहेर वाटी आपली नसते, तिथे हातच. हाताचं माप आधी पाण्यात घेतलं.

पातेलं परातीत ठेवून काठोकाठ भरलं. आईने मूठ वळून मनगटाच्या रेघेपर्यंत हळूच बुडवली. परातीत सांडलेलं पाणी वाटीने मोजलं: पावणेदोन वाट्या. वहिनींची जराशी जास्त. दादाची अडीच. ‘मुठीएवढा भात’ हा सल्ला दादाने त्याच्या मुठीने पाळला तर आईपेक्षा जवळपास दीडपट भात जाईल. त्याचं शरीरही मोठं आहे, त्यामुळे त्याला तो चुकीचा नाही. आईने मात्र आपलीच मूठ बघायची.

आईच्या मुठीएवढा मोकळा भात म्हणजे पावणेदोन वाट्या, सत्तरच्या आसपास तांदूळ. तिच्या भागाच्या दुपटीहून जास्त. म्हणून खूण ठरवली: ढीग अर्ध्या मुठीएवढा. अंगठा बाजूला काढून चार बोटांची मूठ ताटाशेजारी टेकवायची आणि भाताचा ढीग तिच्या निम्म्याने दिसला पाहिजे. मूठ ढिगाच्या वर धरली तर ती डोळ्याजवळ येऊन मोठी दिसते आणि ढीग लहान वाटतो. घरी पाच वेळा करून घेतलं. वाढल्यावर प्रत्येक वेळी तोच भात वाटीत भरून बघितला. पहिल्या दोनदा वाटीभर निघाला, शेवटच्या तीनदा पाऊण वाटीच्या आसपास.

२१ जानेवारी

बारशाला मसालेभात होता. वाढणाऱ्याने आग्रह केला, आईने आधीच ताटावर हात आडवा धरला. घरी आल्यावर म्हणाली, “भात बरोबर होता, पण पोळीचं काही कळलं नाही.” बरोबरच आहे. दुसऱ्याच्या घरच्या पोळीत किती पीठ आहे हे हाताने किंवा वीतीने कळत नाही, तो गोळा आपण बघितलेला नसतो. अशा वेळी ती एकच पोळी घेणार आणि जेवण संपल्यावर भुकेकडे बघणार. जाडजूड असेल तर दीड धरायची.

एक गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवतेय. या सगळ्या मोजमापात शंभराला दहाची चूक राहतेच, कधी जास्तही. आई फक्त गोळ्या घेते, तिचं काम रोज साधारण सारखं ताट असण्यावर भागतं. ज्यांना जेवणातली कर्बोदकं मोजून इन्सुलिनचा डोस ठरवायचा असतो त्यांनी काटाच घ्यावा.

२४ जानेवारी

मी परवा पुण्याला परतणार. माझ्यामागे वहीतले आकडे कोण लक्षात ठेवणार? वाटीवरच खूण करायची असं ठरलं. रंग घासल्यावर जातो, म्हणून तालुक्याच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकणाऱ्या काकांकडे वाटी नेली.

मला दोन रेघा हव्या होत्या: भाताची पाऊण वाटीवर, वरणाची दोन तृतीयांशावर. घरी पाणी घालून दोन्ही जागा पेन्सिलीने आखून नेल्या होत्या. काकांनी वाटी उजेडात धरली. म्हणाले, “बाई, या दोन्हींत गव्हाच्या दाण्याएवढी जागा आहे. महिन्याभरात तुम्हालाच कळायचं नाही कुठली कशाची.” खरंच दोन-तीन मिलिमीटरचंच अंतर होतं. तिथेच हिशोब केला. दोन्हींच्या मधोमध एकच रेघ घेतली तर कोलमचा मोकळा भात २८ ग्रॅमच्या आत येतो आणि वरणाची डाळ ३२ च्या जवळ. दोन्हीकडची चूक दहात एकाच्या आत. एकच रेघ टाकायला सांगितली, आतल्या बाजूने, ठिपक्याठिपक्यांची.

काकांनी विचारलं, नाव कुणाचं टाकू? वाटीच्या बाहेर आजीचं नाव आधीच होतं, ती आजीच्या रुखवतातली. त्याखाली आईचं टाकून घेतलं.

संध्याकाळी वहिनींनी रेघेपर्यंत भात भरला आणि न दाबता आईच्या ताटात सारला. आईने वाटी उचलून रेघेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “आणि इंद्रायणीचा असला तर रेघेच्या खाली किती?”

गव्हाच्या दाण्याएवढं, असं मी तिला दाखवलं.